भिंतीचा नारळ

जेवण झालं की मला खुर्चीतच डुलकी लागते. वकिलीची इतकी वर्षं झाली तरी ही सवय सुटली नाही, आणि आता सोडायची इच्छाही उरलेली नाही. जालन्यात माझं ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे आणि खाली ओळीनं बियाण्यांची दुकानं. उन्हाळा सरत आला की तिथं पिशव्यांच्या थप्प्या लागतात आणि बियाण्याला चोळलेल्या औषधाचा गोडसर, जरासा कडू वास जिना चढून वर येतो. पंखा तो वास खोलीभर फिरवत राहतो. त्या वासात डोळे मिटले की समोरच्या कागदावरचे शब्द सैल होतात, आपापल्या जागा सोडून उठतात, आणि कधी कधी जास्त शहाण्या जागी जाऊन बसतात. माझे बरेचसे चांगले मसुदे असेच सुचलेले आहेत. अशिलांना मी हे सांगत नाही, कारण त्यांच्याकडून फी घ्यायची असते.

गुत्तेदार पहिल्यांदा आले तेव्हाही मी अशीच पेंगत होते. डोळे उघडले तर समोरच्या बाकावर एक साठीचा माणूस टोपी मांडीवर ठेवून शांत बसलेला. किती वेळ बसला होता कोण जाणे.

"उठवायचं ना मामा," मी म्हणाले.

"कशाला ताई. तुमी झोपल्या व्हत्या, मी बी जरा पंख्याखाली बसलो."

मला तो माणूस तिथंच आवडला. पुढं दोन वर्षं त्यानं मला पुष्कळ छळलं, पण ते आवडणं काही गेलं नाही.

ते मूळचे हसनाबादकडचे. गवंड्याच्या हाताखाली सुरुवात करून मिस्त्री झाले, आणि मग स्वतःची माणसं, स्वतःचं मिक्सर आणि स्वतःच्या सेंट्रिंगच्या प्लेटा जमवून गुत्तेदार, म्हणजे बांधकामाचे ठेकेदार. या प्लेटा म्हणजे स्लॅब टाकताना खाली लावायचे लोखंडी पत्रे. ज्याच्याकडे त्या असतात तो गुत्तेदार, ज्याच्याकडे नसतात तो भाड्यानं आणतो आणि तेवढा दबून बोलतो. त्यांच्या प्लेटांना कडेनं हिरवा रंग लावलेला असायचा, म्हणजे दुसऱ्याच्या ढिगात गेल्या तरी ओळखू याव्यात. त्या सगळ्या प्लेटा विकून ते माझ्याकडे आले होते.

झालं होतं ते असं. केदारखेड्याच्या अलीकडे एका बियाणे कंपनीचं गोदाम बांधायचं काम त्यांनी घेतलं. नकाशात लिहिलं होतं की थोडं खणलं की मुरूम लागेल. खणायला लागल्यावर मुरूम काही लागेना, नुसती काळी माती. काळ्या मातीवर गोदाम उभं केलं तर पहिल्याच वर्षी फरशी उलते, हे आपल्या भागात कुणालाही सांगावं लागत नाही. म्हणून आणखी खोल खणलं, मुरूम आणून भरला, दाबला. मग पावसात मागच्या नाल्याचं पाणी जोत्यापर्यंत येऊन गेलं, तेव्हा नाल्याच्या बाजूनं दगडी भिंत बांधली. शेवटी ट्रक थेट लागावेत म्हणून माल चढवायचा ओटा लांबवला. यातलं काहीच मूळ करारात नव्हतं. गोदाम झालं, बियाणं आत गेलं, कराराप्रमाणे पैसे आले, आणि जादा कामाची मागणी केल्यावर कंपनीनं कळवलं की हे सगळं तुम्ही तुमच्या खुशीनं केलंत. माणसांची मजुरी थकवायची नाही म्हणून गुत्तेदारांनी प्लेटा विकल्या.

"पैसे आले की पैल्यांदा प्लेटा," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या प्लेटा लावून स्लॅब टाकून राह्यलो ताई, पण मिस्त्री लोकं माझ्याकडं बघत न्हाईत बराबर."

करारात लवादाचं कलम होतं. मी नोटीस पाठवली, कंपनीनं फारसे आढेवेढे घेतले नाहीत, आणि दोघांच्या संमतीनं एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश लवाद म्हणून नेमले गेले. संभाजीनगरला त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत पहिली बैठक झाली. कामकाज मराठीत चालवायचं ठरलं, आणि मला क्लेम स्टेटमेंट दाखल करायला मुदत मिळाली. क्लेम स्टेटमेंट म्हणजे आमच्या बाजूची सगळी कहाणी आणि मागणी. काय घडलं, वाद कशाचा आहे, काय हवं आहे, आणि त्याला आधार म्हणून कागद. ऐकायला सोपं वाटतं. एखादा माणूस भडाभडा बोललेलं सगळं परिच्छेदांत नंबर घालून बसवायचं, आणि त्यातला एकही नंबर खोटा निघता कामा नये, एवढंच काय ते काम.

माझी अडचण करारातल्या एका ओळीत होती. मालकाच्या इंजिनिअरच्या लेखी आदेशाशिवाय केलेल्या जादा कामाचे पैसे दिले जाणार नाहीत. ही ओळ मी इतक्यांदा वाचली की डुलकीतही ती पंख्याबरोबर फिरायची.

"लेखी आदेश कुठंय मामा?"

"हाये ना."

"दाखवा."

त्यांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा लावला, बराच वेळ बोट फिरवलं आणि फोन माझ्यापुढं धरला. फोटोत एक नारळ होता. नुकता फुटलेला, दगडावर पाणी सांडलेलं, बाजूला हळदकुंकू, आणि नारळाच्या दोन्ही भकला धरलेले दोन हात. एका हातात जाडजूड अंगठी.

"हे काय?"

"भिंतीचा नारळ. कंपनीच्या शेठनं फोडला."

"मामा, मी आदेश मागतेय."

"मंग ह्योच की. शेठनं नारळ फोडला म्हणल्यावर अजून काय आदेश पायजे?"

मी चिडले. माझा राग लवकर येतो आणि आवाज त्याच्याही आधी येतो. खालच्या दुकानदारानं वर मान करून पाहिलं म्हणतात. मी म्हणाले, तुम्ही एवढी वर्षं धंदा करता, लाखांची भिंत बांधता, आणि इंजिनिअरकडून दोन ओळी लिहून घेता येत नाहीत? तुमचा नारळ लवादसाहेबांपुढं वाढून ठेवू का? ते म्हणाले, "लिहून मागितलं असतं तर शेठला वाटलं असतं, इस्वास न्हाई." आणि टोपी घालून निघून गेले. जाताना पंखा बंद करून गेले, कारण मी झोपत नव्हते.

मग मी मसुदा करायला बसले. कायद्यानं वाट अगदीच बंद नव्हती. करारातली अट मालकानं स्वतःच्या वागण्यानं सोडून दिली, असं म्हणता येतं. शिवाय करार कायद्यात एक जुनं कलम आहे. कुणी दुसऱ्यासाठी कायदेशीर काम केलं, ते फुकट करायचा इरादा नव्हता आणि दुसऱ्यानं त्याचा लाभ घेतला, तर त्यानं मोबदला द्यावा. शेवटच्या बिलावर 'आता काही येणे नाही' अशी सही गुत्तेदारांनी केलेली नव्हती, हे त्यातल्या त्यात बरं होतं. भिंत तर उभीच होती, तिची मोजणी एका खाजगी इंजिनिअरकडून करून घेतली. खाली पुरलेल्या मुरमाची अडचण होती. भरण्याआधी घेतलेल्या लेव्हलच्या, म्हणजे खड्डा किती खोल होता त्याच्या, काही कागदांवर कंपनीच्या इंजिनिअरची सही होती, काहींवर नव्हती. मुरूम भरायचा दर मूळ करारातच होता, तोच लावला. भिंत करारात नव्हती, म्हणून तिचा दर सरकारी दरसूचीवरून काढावा लागला.

क्लेम एक, मुरूम. क्लेम दोन, भिंत. क्लेम तीन, ओटा. मग व्याज, मग खर्च. पानं भरत होती. पण वाचलं की कळायचं, यात जीव नाही. 'फुकट करायचा इरादा नव्हता' हे मी लिहिलं होतं खरं, पण इरादा दाखवायचा कुठून? कंपनी म्हणणार खुशीनं केलं, आम्ही म्हणणार फुकट नाही केलं. माणसाच्या मनाचा फोटो कोण काढतो?

त्या दिवसांत मला ती भिंत स्वप्नात यायची. दुपारच्या पेंगेत मी नाल्याच्या काठानं चालत असे, भिंत माझ्या बरोबरीनं चालत असे, आणि दगडांच्या सांध्यांतून कुणीतरी हळू आवाजात परिच्छेदांचे नंबर मोजत असे. जाग आली की समोर थंड झालेला चहा आणि तेच पान. एकदा वाटलं, न पाहिलेल्या भिंतीबद्दल आपण इतकं लिहितोय, एकदा तिला भेटावं तरी.

मी आणि गुत्तेदार राजूरच्या रस्त्यानं निघालो. हिवाळा नुकताच लागला होता, दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, आणि रस्त्याच्या कडेच्या बाभळींना ट्रकवरून उडालेल्या कापसाचे पुंजके अडकलेले. उन्हात ती झाडं फुलल्यासारखी वाटत होती. अशा प्रवासात मला नेहमी वाटतं की आपण कुठंही पोहोचू नये, असंच चालत राहावं आणि फायल मागच्या सीटवर आपोआप पूर्ण व्हावी.

कंपनीच्या आवारात आम्हाला कुणी जाऊ दिलं नसतं. आम्ही पलीकडच्या बांधावरून नाल्यात उतरलो. पाणी ओसरून गुडघाभर उरलं होतं, संथ होतं, आणि त्यात ती भिंत पूर्ण उतरली होती. वर एक भिंत, पाण्यात एक भिंत. मधल्या रेषेवर एक खंड्या बसला होता. काळा दगड, बारीक सांधे, कुठं ओबडधोबडपणा नाही. मागं गोदामाचा पत्रा चमकत होता आणि आत कुठंतरी पुढच्या वर्षीचं बियाणं कोरडं, सुरक्षित निजलं होतं. मला एकदम भरून आलं. इतकं चांगलं काम आणि त्याचे पैसे मागताना आपण नजर चोरतोय, असं वाटलं.

गुत्तेदार पाण्याकाठी उकिडवे बसले होते.

"ताई, तुमी त्या दिशी नारळावरून रागावल्या," ते म्हणाले. "पण आमच्यात हे असंच हाये. माझ्या वस्तादानं शिकवलं. कुठलंबी नवं काम लागलं की नारळ फुटतो. आन् ज्यानं खर्चा द्यायचा, नारळ त्याच्या हातात द्यायचा. त्यानं फोडला म्हंजे त्यानं काम घेतलं. आपण तोंडानं पैशाचं बोलायचं न्हाई, चांगलं दिसत न्हाई. नारळ द्यायचा."

"आणि शेठला हे ठाऊक होतं?"

"गोदामाच्या पायाचा त्येनंच फोडला. पैसे दिले. राखणदाराची खोली करारात बी नव्हती, तिचा त्येनंच फोडला. पैसे दिले. मुरमाचा त्येनंच, भिंतीचा त्येनंच. ठाऊक नसंल कसं?"

"आणि गुत्तेदारानं स्वतः फोडला तर?"

"मंग ते काम आपल्याकडून," ते सहज म्हणाले. "वस्तादानं एका देवळाची पायरी बांधल्ती, तिचा नारळ त्येनंच फोडल्ता. रुपया मागितला न्हाई."

मी नाल्याकडे पाहत राहिले. पाण्यातली भिंत जराशी हलली आणि परत स्थिर झाली. माझ्या डोक्यात जे कलम इतके दिवस फिरत होतं, ते हळूच खाली येऊन बसलं. फुकट करायचा इरादा होता की नव्हता, हे सांगायची या माणसांची स्वतःची एक रीत होती. ती दोन्ही बाजूंना ठाऊक होती. तिच्यावर आधी पैसे दिले-घेतले गेले होते. आणि तिचे फोटो होते, कारण प्रत्येक नारळ फुटला की गुत्तेदार फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकत असत. ज्या मोबाइलवर मी ओरडले होते त्यात माझा अख्खा दावा पडून होता.

परतीच्या वाटेवर मी गाडीतच परिच्छेद बोलून दाखवले. क्लेमदार व विरुद्ध पक्ष यांच्यात या कामावर अशी वहिवाट होती की. विरुद्ध पक्षाने स्वतःच्या हाताने नारळ फोडून मान्यता दिलेल्या व मूळ दरपत्रकात नसलेल्या राखणदाराच्या खोलीचे पैसे विरुद्ध पक्षाने लेखी आदेश नसताना अदा केले. त्यावरून लेखी आदेशाची अट त्याने आपल्या वर्तनाने सोडून दिली. गुत्तेदार मान हलवत होते, जणू कुणी कीर्तन करतंय.

दुसऱ्या दिवशी फोटो छापून घेतले. लवाद पुराव्याच्या कायद्याला काटेकोर बांधलेला नसतो, तरी मोबाइलमधल्या फोटोंबरोबर ते त्याच फोनमधले असल्याचं प्रमाणपत्र जोडलेलं बरं, म्हणून तेही तयार केलं. मी खुशीत होते. टेबलावर नारळच नारळ पसरले होते. पायाचा, खोलीचा, मुरमाचा, भिंतीचा. सगळीकडे तो अंगठीवाला हात. ओट्याचा फोटो हातात घेतला आणि माझी खुशी तिथंच थांबली. त्यात अंगठी नव्हती. सिमेंटनं पांढरी झालेली बोटं होती, आणि अंगठ्याचं नख जुन्या मारानं काळं पडलेलं.

मी समोर बसलेल्या गुत्तेदारांच्या हाताकडे पाहिलं.

"शेठ हैदराबादला गेल्ते," ते म्हणाले. "माल कालवून तयार. इंजिनिअर फोनवर म्हणला, करा सुरू. मंग मीच फोडला."

"इंजिनिअर म्हणाला ना? झालं तर. तोंडी आदेश आहे, ओट्यावरून रोज ट्रक भरतात, लाभ घेतलाय. ओटा राहू द्या. हा फोटो आपण लावायचा नाही, एवढंच. आपल्यावर काही प्रत्येक फोटो दाखवायची सक्ती नाही."

"न्हाई ताई. ओटा काढा."

"का?"

"फोडला तवाच मनात म्हणलं, जाऊ दे, येवढं आपल्याकडून. गोदाम चांगलं झाल्तं."

ओटा लहान नव्हता. मी समजावलं. मग वाद घातला. त्यांच्या प्लेटांपैकी कितीतरी त्या ओट्यातून परत आल्या असत्या, हे सांगितलं. ते म्हणाले, "ठाऊक हाये." मी म्हणाले, हे मनातलं आहे, मनातलं कुणाला दिसतं? त्यांनी माझ्याकडे निवांत पाहिलं आणि टोपी घालून निघाले.

मग मी एकटी बसून विचार करत राहिले. खालून बियाण्याचा वास येत होता. कलम काय विचारतं? फुकट करायचा इरादा होता का? होता. माणूस स्वतःच्या तोंडानं सांगत होता, होता. म्हणजे त्यांच्या वस्तादाची रीत आणि माझं पुस्तक एकाच जागी बोट ठेवत होते, आणि माझं शहाणपण तेवढं दुसरीकडे पळत होतं. दाव्याखाली सत्यापन असतं, वर लिहिलेलं खरं आहे अशी सही करावी लागते, आणि ती सही त्यांची असणार होती. मी क्लेम तीन खोडला. तेवढ्यावर थांबले नाही. ओट्याबद्दल एक वेगळा परिच्छेद घातला, की हे काम क्लेमदाराने स्वतःच्या हाताने नारळ फोडून स्वखुशीने केले असल्याने त्याची मागणी नाही. आणि सिमेंटच्या बोटांचा फोटोही जोडला. मला मनापासून वाईट वाटत होतं, आणि त्याच वेळी तो मसुदा पहिल्यांदा पायावर उभा राहिल्यासारखा वाटत होता.

कंपनीच्या वकिलांनी उत्तरात तोच परिच्छेद पकडला. उलटतपासात ते अगदी रंगात आले होते. लवादसाहेबांच्या पुढच्या खोलीत आम्ही सगळे दाटीवाटीनं बसलेलो, खिडकीतून दुपारचं ऊन फायलींवर पडलेलं, आणि शेठ कोपऱ्यातल्या खुर्चीत. सत्तरीचे, बारीक, पांढरा सदरा, बोटात तीच अंगठी.

"म्हणजे ओटा तुम्ही फुकट बांधला," वकील म्हणाले.

"हो साहेब."

"लेखी आदेश नव्हता, पैसे ठरले नव्हते, तरी बांधला."

"हो."

"भिंतीलाही लेखी आदेश नव्हता. पैसे ठरले नव्हते. मग भिंतही तशीच बांधली, बरोबर?"

"न्हाई साहेब. ओट्याचा नारळ मी फोडला. भिंतीचा शेठनं फोडला."

"त्यानं काय फरक पडतो?"

गुत्तेदारांनी लवादसाहेबांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. ते शेठकडे वळले आणि हळू म्हणाले, "शेठला इचारा."

शेठ साक्षीला अजून यायचे होते, त्यांना तेव्हा कुणी काही विचारूच शकत नव्हतं. पण ते टेबलावरच्या फोटोंकडे पाहत होते. एकीकडे त्यांचा हात, एकीकडे तो दुसरा. मला वाटतं, त्या दुपारी ओट्याचा फोटो त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिला. पुढच्या तारखेला त्यांची साक्ष झाली. मी फार प्रश्न तयार करून नेले होते. त्यातला पहिलाच विचारला, भिंतीचा नारळ कुणाच्या हातात होता. त्यांच्या वकिलांनी घसा खाकरला. शेठ म्हणाले, "माझ्या." मग न विचारता म्हणाले, "त्याचा अर्थ मला ठाऊक होता." मी बाकीच्या प्रश्नांचा कागद मिटला आणि खाली बसले.

निवाडा आला तेव्हा भिंत पूर्ण मिळाली. मुरूम अर्धवटच मिळाला, ज्या लेव्हलच्या कागदांवर सही नव्हती ते कापले गेले, आणि ते बरोबरच होतं. व्याज मागितलं त्यापेक्षा कमी. लवादसाहेबांनी लिहिलं होतं की जो माणूस स्वतःविरुद्धचा फोटो स्वतः दाखल करतो, त्याच्या उरलेल्या फोटोंवर विश्वास ठेवायला अडचण वाटत नाही. कंपनीनं निवाड्याला आव्हान दिलं नाही. पैसे आले. गुत्तेदारांनी प्लेटा घेतल्या, आधीएवढ्या नाहीत, पण घेतल्या, आणि कडेनं हिरवा रंग लावला. मी त्यांना बजावलं की इथून पुढं नारळ फोडा, पण आधी दोन ओळी लिहून घ्या. ते म्हणाले, "बिलकुल."

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी घरावर एक खोली चढवायला काढली, आणि काम अर्थातच त्यांना दिलं. हिरव्या कडेच्या प्लेटा टेम्पोतून उतरताना पाहून मला इतका आनंद झाला की मी शेजारणीलाही बोलावून दाखवल्या. तिला त्यात काय बघायचं ते कळलं नाही. खोलीचा नारळ त्यांनी माझ्या हातात दिला. मी तो फोडला, त्यांनी फोटो काढला, आणि मी मुद्दाम सही केलेला कागदही त्यांना दिला. आम्ही दोघंही हसलो.

खोली पुरी होत आली तेव्हा एकदा ते माझ्या दारासमोर उभे राहून अंगणातल्या कडुलिंबाकडे बघत होते. म्हणाले, "ताई, हितं दाराशी एक दगडी ओटा पायजे. सावली चांगली पडती. जेवल्यावर तुमाला बसाया." मलाही ते पटलं. काळा दगड मागवला गेला, पाठ टेकायला मागं उतार ठेवायचं ठरलं. मी शहाण्यासारखी आत गेले आणि जादा कामाचा लेखी आदेश लिहून आणला. दाराशी ओटा, दगडी, दर बाजारभावाने. खाली सही. एवढं महाभारत घडल्यावर ती चूक मी तरी करणार नव्हते.

बाहेर आले तर पहिला दगड बसवायची तयारी झालेली होती. हळदकुंकू होतं, नारळ होता. मी कागद त्यांना दिला. त्यांनी तो वाचला, नीट घडी घातली आणि वरच्या खिशात ठेवला. लिंबाची बारीक पिवळी पानं आमच्या अंगावर पडत होती. मी नारळ घ्यायला हात पुढं केला.

त्यांनी तो माझ्या हातात दिला नाही. खाली वाकले आणि दगडावर स्वतःच फोडला. मी तिथंच लिंबाखाली रडले, आणि कामावरच्या माणसांसमोर रडले त्याची मला अजिबात लाज वाटली नाही. आता दुपारी मी त्या ओट्यावर झोपते.